पी-टू-पी प्लॅटफॉर्मवरून कर्ज घेताना: मंजूर रक्कम, हातात येणारी रक्कम आणि हप्त्याची तारीख

पीअर-टु-पीअर, म्हणजे बोलीभाषेत पी-टू-पी, कर्जात पैसे बँक देत नाही आणि ज्या ॲपवर आपण अर्ज भरतो ती कंपनीही देत नाही. पैसे देतात ते आपल्यासारखेच लोक: कुणी पाचशे रुपये, कुणी पाच हजार, कुणी पन्नास हजार. ॲप चालवणारी कंपनी या लोकांची आणि कर्जदाराची गाठ घालून देते, कागदपत्रे तयार करते, हप्ते गोळा करून वाटते आणि या कामाचे शुल्क घेते. भारतात या व्यवसायाला रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ च्या निर्देशांनी नियमांच्या चौकटीत आणले आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी ते नियम बरेच कडक केले. या विषयावरचे बहुतेक लेखन पैसे गुंतवणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे. हा लेख कर्ज घेणाऱ्यासाठी आहे.

कर्जदाराला बांधणाऱ्या मर्यादा आधी पाहू. सगळे पी-टू-पी प्लॅटफॉर्म मिळून एका कर्जदाराकडे कोणत्याही वेळी १० लाख रुपयांपेक्षा जास्त कर्ज असू शकत नाही. पैसे देणारा, म्हणजे धनको, एका कर्जदाराला, सगळे प्लॅटफॉर्म मिळून, ५०,००० रुपयांपर्यंतच देऊ शकतो. मुदत जास्तीत जास्त ३६ महिने असते. कर्ज विनातारणच द्यावे लागते; म्हणजे कुणी पी-टू-पीच्या नावाखाली सोने, गाडीची कागदपत्रे किंवा घराचा उतारा मागत असेल, तर ते नियमात बसत नाही. रोखीचा व्यवहार पूर्णपणे निषिद्ध आहे. एका धनकोची मर्यादा ५०,००० असल्यामुळे एक लाखाच्या कर्जामागे किमान दोन धनको असतातच, आणि प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक असू शकतात. कर्ज थकले की ही गोष्ट महत्त्वाची ठरते, म्हणून ती पुढे पुन्हा येईल.

पहिली पायरी: कंपनी तपासणे

ॲपचे नाव आणि परवाना असलेल्या कंपनीचे नाव बहुधा वेगळे असते. उदाहरणार्थ, लेनदेनक्लब हे इनोफिन सोल्युशन्स या कंपनीचे आणि फेअरसेंट हे फेअरॲसेट्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे व्यापारी नाव आहे. त्यामुळे ॲपच्या तळाशी, अटींच्या पानावर किंवा संपर्काच्या पानावर कंपनीचे पूर्ण नाव शोधावे आणि ते रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावरील बिगर-बँक वित्तीय कंपन्यांच्या यादीत ‘एनबीएफसी-पी२पी’ या वर्गात आहे का, ते अर्ज भरण्याच्या दिवशी पाहावे. काही कंपन्यांनी परवाने परत केलेले असू शकतात, म्हणून जुन्या लेखातील किंवा व्हिडिओतील यादीवर विसंबू नये.

यादीत नाव सापडले, तरी समोरचे ॲप खरोखर त्याच कंपनीचे आहे का, हा प्रश्न उरतो, कारण खऱ्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरून फसवणारेही आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या प्लॅटफॉर्मवर धनकोंचे पैसे एका एस्क्रो, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातील, खात्यात येतात आणि हप्ते दुसऱ्या एस्क्रो खात्यात जमा होतात. ही खाती बँकेने स्थापन केलेल्या विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखाली चालतात. त्यामुळे कर्ज मिळण्याआधी ‘जीएसटी भरा’, ‘विम्याचा पहिला हप्ता भरा’, ‘फाइल अडकली आहे, ती सोडवायला इतके पाठवा’ असे सांगून एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले गेले, तर तिथेच थांबावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी; वेळेत कळवले, तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. फोनमधील संपर्कयादी, फोटो आणि संदेश उघडण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपलाही नकार द्यावा. वसुलीच्या वेळी बदनामीची धमकी द्यायला नेमकी तीच यादी वापरली जाते.

दुसरी पायरी: अर्जापूर्वी स्वतःचा पत-अहवाल पाहणे

प्रत्येक पी-टू-पी कंपनीला देशातील चारही पत-माहिती कंपन्यांचे, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांचे सदस्य असावे लागते व कर्जदाराची माहिती त्यांना पुरवावी लागते. म्हणून ‘हे बँकेचे कर्ज नाही, सिबिलला कळणार नाही’ हा समज चुकीचा आहे. या चारही कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देतात. तो आधी मागवून चुकीची नोंद असल्यास दुरुस्तीचा अर्ज करावा. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

अहवाल आधी पाहण्याचे आणखी एक कारण आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर प्लॅटफॉर्म आपला अहवाल मागवतो आणि त्या चौकशीची नोंद होते. पंधरा दिवसांत चार-पाच ठिकाणी अर्ज टाकणाऱ्याच्या अहवालावर इतक्या चौकश्या दिसू लागल्या, की पुढचा प्रत्येक धनको त्याला अडचणीत सापडलेला माणूस समजतो. त्यामुळे तुलना करायची ती शुल्कपत्रक आणि अटी वाचून. अर्ज मात्र एकाच ठिकाणी करावा.

प्लॅटफॉर्म आपल्याला एक पतश्रेणी देतो आणि बहुतेक वेळा तिच्यावरच व्याजदर ठरतो. त्यासाठी पॅन, आधार, उत्पन्नाचा पुरावा आणि साधारण सहा महिन्यांचे बँक विवरण मागितले जाते. विवरणात हप्ता परत गेल्याची नोंद, महिन्याअखेर शून्याकडे जाणारी शिल्लक किंवा अन्य कर्ज-ॲपकडे जाणाऱ्या रकमा दिसल्या, की श्रेणी घसरते. आपली ओळख, मागितलेली रक्कम, व्याजदर आणि ही श्रेणी आपल्या संमतीने धनकोंना दाखवली जाते. उलट धनकोंची रक्कम आणि त्यांनी देऊ केलेला दर आपल्याला दिसतो, मात्र त्यांची ओळख व संपर्क मिळत नाही.

तिसरी पायरी: देऊ केलेला दर उलगडणे

इथे एक उदाहरण धरून चालू. मिरजेत एक बाई घरातच शिवणकाम करतात आणि दोन शाळांचे गणवेश शिवून देतात. मे महिन्यात त्यांना कापड, बटणे आणि दोन मदतनीसांची मजुरी यांसाठी एक लाख रुपये लागणार आहेत. शाळा पैसे देतात ते ऑगस्टच्या मध्यावर. प्लॅटफॉर्मने त्यांना १,००,००० रुपये, १२ महिने, वार्षिक २४ टक्के व्याज, प्रक्रिया शुल्क ४ टक्के अधिक जीएसटी, आणि ५०० रुपये नोंदणी असा प्रस्ताव दिला आहे. (व्यक्ती आणि प्रस्ताव दोन्ही काल्पनिक आहेत, आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.)

घटत्या शिल्लकेवर २४ टक्क्यांनी मासिक हप्ता ९,४५६ रुपये येतो. बारा हप्त्यांत मिळून सुमारे १,१३,४७१ रुपये परत जातात, म्हणजे व्याज १३,४७१. इथपर्यंत आकडे फारसे टोचत नाहीत. मात्र प्रक्रिया शुल्क ४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२० असे ४,७२० रुपये कर्जाच्या रकमेतूनच कापले जातात, आणि नोंदणीचे ५०० आधीच गेलेले असतात. बाईंना प्रत्यक्ष मिळतात ९४,७८० रुपये, आणि व्याज भरायचे ते पूर्ण एक लाखावर. खरा वार्षिक दर काढायचा, तर हातात आलेली रक्कम आणि जाणारे हप्ते यांची सांगड घालावी लागते. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये पुढील सूत्र लिहिले की तो मिळतो:

```
=RATE(12,-9456,94780)*12
```

उत्तर येते सुमारे ३४.६ टक्के. जाहिरातीतले २४ आणि प्रत्यक्षातले जवळजवळ ३५ यांतला फरक कुणी लपवलेला नाही. तो शुल्काने तयार केला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्लॅटफॉर्मने व्याजदर वार्षिक टक्केवारी दराच्या, म्हणजे एपीआरच्या स्वरूपात दाखवायचा असतो. तो आकडा आपल्या सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहावा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर कोणते तरी शुल्क त्यात धरलेले नाही असे समजावे आणि ते कोणते, हे लेखी विचारावे.

मुदत जितकी कमी, तितका शुल्काचा डंख मोठा. हेच एक लाख, हाच २४ टक्के दर आणि हेच शुल्क, पण मुदत तीन महिने धरली, तर हप्ता सुमारे ३४,६७५ येतो आणि खरा वार्षिक दर ५७ टक्क्यांच्या पुढे जातो. अल्प मुदतीच्या कर्जात व्याजदराकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही. तिथे शुल्क हेच खरे व्याज असते.

दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिल्लकेवर आहे, हाही प्रश्न विचारावाच लागतो. ‘महिना दोन टक्के’ हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरले जातात. दोन टक्के फ्लॅट म्हणजे वर्षभर पूर्ण एक लाखावर व्याज, म्हणजे २४,००० रुपये. हप्ता १०,३३३ आणि शुल्क न धरताही खरा दर सुमारे ४२ टक्के. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे हप्त्याच्या रकमेवरून लगेच कळते: लाखाला वर्षभरासाठी साडेनऊ हजारांच्या आसपास हप्ता असेल तर शिल्लक घटती, दहा हजारांच्या वर असेल तर फ्लॅट.

शुल्काबद्दल २०२४ चा एक बदल कर्जदारानेही समजून घेण्यासारखा आहे. प्लॅटफॉर्मने शुल्क ठरावीक रकमेत किंवा मुद्दलाच्या ठरावीक प्रमाणात घ्यावे आणि ते कर्ज फिटण्यावर अवलंबून ठेवू नये, असे आता बंधन आहे. धनकोंना भुलवणाऱ्या काही योजना बंद पाडण्यासाठी हे आवश्यक होते. पण त्याची दुसरी बाजू अशी की कर्ज वाटले गेले की प्लॅटफॉर्मचे उत्पन्न पक्के होते. त्यामुळे हे कर्ज आपल्याला झेपेल का, याची काळजी आपल्याइतकी दुसऱ्या कुणालाही नसते. मंजुरी मिळाली म्हणजे कुणी तरी आपली परतफेडीची ताकद जोखून पाहिली, असे मानू नये.

चौथी पायरी: हप्त्याच्या तारखा आणि उत्पन्नाच्या तारखा

माझ्या मते या कर्जात माणूस फसतो तो दरामुळे कमी आणि तारखांमुळे जास्त. मिरजेच्या बाईंना १० मे रोजी पैसे मिळाले, तर पहिला हप्ता १० जूनला, दुसरा १० जुलैला आणि तिसरा १० ऑगस्टला. शाळेचे पैसे येणार ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे तिसऱ्या हप्त्याच्याही नंतर. ज्या कर्जातून कापड आणायचे, त्याच कर्जातून पहिले तीन हप्ते फेडावे लागणार. दुरुस्ती-बदलाच्या किरकोळ शिवणकामातून त्यांना महिन्याला घरखर्च भागून तीन-साडेतीन हजार उरतात असे धरले, तर तीन महिन्यांत मिळून एक हप्ता त्यातून जेमतेम उभा राहतो. उरलेल्या दोन हप्त्यांचे १८,९१२ रुपये पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावे लागतील. म्हणजे हातात आलेल्या ९४,७८० पैकी कापडासाठी उरतात ७५,८६८. एक लाखाची गरज एक लाखाच्या कर्जाने भागत नाही, आणि ती भागवायला सव्वा लाख घेतले, तर हप्ताही त्याच प्रमाणात वाढतो.

हा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. डाव्या बाजूला पुढच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांच्या तारखा लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर त्या दिवशी पैसा नेमका कुठून येणार ते लिहावे. ‘येईलच कुठून तरी’ असे एकदाही लिहावे लागले, तर रक्कम कमी करावी किंवा कर्जाचा प्रकार बदलावा. ज्या व्यवसायात पैसा हंगामात एकदम येतो, मग तो गणवेशाचा असो, मंडपाचा असो की द्राक्षाच्या वाहतुकीचा, तिथे मासिक हप्त्याचे कर्ज मुळातच बेताचे बसते. मासिक पगार असणाऱ्याला ते अधिक मानवते.

या उदाहरणात मी बाईंना आधी दोन गोष्टी विचारायला सांगेन. कापडाचा घाऊक व्यापारी साठ दिवसांची उधारी किती जास्त भावाने देतो, आणि घरात असलेल्या सोन्यावर बँक किंवा पतसंस्था मुदतीच्या शेवटी एकरकमी परतफेड करण्याच्या अटीवर कर्ज देते का. दुसरा मार्ग ऑगस्टमध्ये एकदम येणाऱ्या पैशाशी अचूक जुळतो. पी-टू-पी कर्ज उपयोगी पडते ते अशा माणसाला, ज्याच्याकडे तारण नाही, बँकेच्या मापदंडात तो थोडक्यात बसत नाही, पण ज्याचे मासिक उत्पन्न नियमित आहे.

पाचवी पायरी: करार आणि हप्त्याचा आदेश

करार आपला आणि धनकोंचा असतो. प्लॅटफॉर्म त्यात मध्यस्थ असतो. सही आधारवर आधारित ई-सहीने, ओटीपी टाकून होते, आणि ओटीपी टाकायला दहा सेकंद लागतात म्हणून वाचायलाही तेवढाच वेळ देण्याची आपल्याला सवय झाली आहे. करार आधी पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा आणि त्यात तीन ठिकाणे शोधावीत. पहिले उशिराचे शुल्क: ते थकलेल्या हप्त्यावर आहे की संपूर्ण शिल्लक मुद्दलावर, आणि ते रोज वाढते का. दुसरे मुदतपूर्व परतफेड: किती हप्त्यांनंतर परवानगी आहे आणि तिला शुल्क आहे का. तिसरे लवादाचे कलम: वाद झाल्यास लवादाची जागा कोणती आणि लवाद कोण नेमणार. ज्या पक्षाला निकालात रस आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटले आहे. पुढे नोटीस आली, तर हा मुद्दा वकिलाच्या लक्षात आणून द्यावा.

हप्ता कापण्यासाठी आपल्याकडून ई-नॅच, म्हणजे बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याचा, आदेश घेतला जातो. या आदेशात दिलेली कमाल रक्कम हप्त्यापेक्षा बरीच मोठी असू शकते, म्हणून मंजुरी देताना ती पाहावी. खात्यात पैसे नसल्यामुळे आदेश परत गेला, तर बँक आपले शुल्क लावते, प्लॅटफॉर्म आपले लावतो, आणि हे इथेच संपत नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार अपुऱ्या शिलकीमुळे असा आदेश परत जाणे हा, ठरावीक मुदतीची नोटीस देऊनही पैसे न भरल्यास, धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. कर्ज न फेडता येणे हा स्वतः गुन्हा नाही, पण नोटीस आल्यावर गप्प बसल्याने दिवाणी बाब फौजदारी होऊ शकते.

सहावी पायरी: पैसे जमणे आणि खात्यात येणे

अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले असे नाही. २०२४ च्या बदलानंतर प्रत्येक धनकोने विशिष्ट कर्जदाराला स्वतंत्र संमती दिल्याशिवाय आणि सर्व संबंधितांनी करारावर सही केल्याशिवाय कर्ज वाटता येत नाही. पूर्वी अनेक ठिकाणी धनकोंचा पैसा आपोआप वाटला जाई, त्यामुळे कर्ज तासाभरात मिळे. आता मागणी पूर्ण भरायला वेळ लागू शकतो, आणि ती अर्धवट भरलेल्या स्थितीतही मुदत संपू शकते. धनकोंचे पैसे मात्र एस्क्रो खात्यात आल्यावर पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या पुढे रेंगाळू द्यायचे नसतात.

एक लाखाच्या मागणीवर सत्तर हजारच जमले, तर ते घेऊन पुढे जायचे का, असे विचारले जाऊ शकते. त्या वेळी शुल्क एक लाखावर लागणार की सत्तर हजारांवर, आणि मागणी रद्द केल्यास नोंदणी शुल्क परत मिळणार का, हे आधी ठरवून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सत्तर हजारांत आपले काम होते का. अर्ध्याच शाळेचे गणवेश शिवून चालत नाही. अशा वेळी उरलेले तीस हजार घाईघाईत दुसऱ्या, अधिक महागड्या ॲपवरून उचलले जातात. गरज भागण्याला किमान किती रक्कम लागते, तो आकडा मागणी टाकण्याआधीच कागदावर असावा आणि त्याखाली प्रस्ताव आल्यास नकार द्यावा.

पैसे थेट आपल्या बँक खात्यातच यायला हवेत. आलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि हप्त्यांचे वेळापत्रक त्याच दिवशी जुळवून पाहावे आणि कराराच्या प्रतीसोबत जपून ठेवावे.

सातवी पायरी: परतफेड आणि लवकर फेडण्याचा हिशेब

हप्ते फक्त कराराच्या पद्धतीने, म्हणजे ई-नॅचने किंवा ॲपमधून एस्क्रो खात्यातच भरावेत. वसुलीसाठी आलेल्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवलेली रक्कम आपल्या कर्जखात्यात जमा होईल याची काहीच खात्री नसते.

बाईंनी ऑगस्टमध्ये तीन हप्ते भरून शाळेचे पैसे आल्यावर कर्ज मिटवायचे ठरवले, तर शिल्लक मुद्दल सुमारे ७७,१८२ रुपये असते. मुदतपूर्व परतफेडीला शुल्क नसेल, तर त्यांचा एकूण खर्च तीन महिन्यांचे व्याज ५,५५० आणि आधीचे शुल्क ५,२२० मिळून १०,७७० होतो. वर्षभर चालवले असते, तर तो १८,६९१ झाला असता. म्हणजे लवकर फेडण्यात सुमारे आठ हजार वाचतात. गंमत अशी की सूत्राने पाहिले, तर तीन महिन्यांत मिटवलेल्या या कर्जाचा खरा वार्षिक दर ३४.६ वरून ४८ टक्क्यांच्या आसपास चढतो, कारण शुल्क परत मिळत नाही आणि ते कमी काळावर विभागले जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. कर्ज घेण्याआधी टक्केवारी पाहावी, कारण ती दुसऱ्या पर्यायांशी तुलना करण्यासाठी असते. एकदा घेतल्यावर रुपये पाहावेत, कारण शुल्क गेलेलेच असते.

कर्ज मिटल्यावर थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे, ई-नॅच आदेश बँकेतून रद्द झाल्याची खात्री करावी आणि महिना-दीड महिन्याने पत-अहवालात खाते ‘बंद’ दिसते का ते पाहावे.

हप्ता चुकणार असे दिसू लागले तर

बँकेत हप्ता अडला, तर शाखाधिकाऱ्याला भेटता येते आणि कर्जाची फेरआखणी करून देण्याचा अधिकार त्या बँकेकडे असतो. इथे धनको वीस-पंचवीस असू शकतात, ते एकमेकांना ओळखत नाहीत आणि आपण त्यांना ओळखत नाही. प्लॅटफॉर्म त्यांच्या वतीने वसुलीला मदत करतो, पण पैसे त्याचे नसल्यामुळे हप्ता कमी करण्याचे किंवा मुदत वाढवण्याचे आश्वासन तो एकट्याने देऊ शकत नाही. पी-टू-पी कर्जातली कर्जदाराची सर्वांत मोठी अडचण मला हीच वाटते आणि ती कोणत्याही शुल्कपत्रकात लिहिलेली नसते. व्यवहारात तडजोड होते ती बहुधा कर्ज बरेच थकल्यावर एकरकमी रक्कम देऊन, आणि अशी तडजोड पत-अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून नोंदली जाते. पुढचा कर्ज देणारा ती नोंद बुडवलेल्या कर्जासारखीच वाचतो.

म्हणून हप्त्याच्या तारखेच्या आधी, ई-मेलने, नेमक्या तारखेचा प्रस्ताव देऊन कळवावे: या महिन्यात इतकी रक्कम भरू शकतो, उरलेली अमुक तारखेला. ई-मेल यासाठी, की फोनवरच्या बोलण्याचा पुढे काही पुरावा राहत नाही. तडजोड ठरलीच, तर पत्रात रक्कम, तारीख आणि उरलेल्या मागणीवर हक्क सोडल्याचा स्पष्ट उल्लेख आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

वसुली करणाऱ्यांनाही मर्यादा आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, अपमान, नातेवाईक किंवा मित्रांना फोन करून बदनामी हे सर्व रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. अशा फोनची वेळ, क्रमांक आणि शक्य असल्यास ध्वनिमुद्रण ठेवून आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. एक महिन्यात निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण विभागाकडे दाद मागता येते. त्यासाठी cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि प्लॅटफॉर्मला पाठवलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. ती जोडली नाही, तर तक्रार परत येण्याची शक्यता अधिक. कंपनीकडे परवानाच नसल्याचे आढळले, तर जागा वेगळी: sachet.rbi.org.in.

प्लॅटफॉर्मच बंद पडला, तर कर्ज माफ होत नाही. करार धनकोंशी असल्यामुळे देणे कायम राहते, आणि व्यवसाय थांबला तरी कागदपत्रे जपण्याची व उरलेल्या मुदतीत हप्त्यांची व्यवस्था पाहण्याची योजना कंपनीने आधीच करून ठेवायची असते. अशा काळात ई-नॅच चालू आहे का ते पाहावे. तो थांबला असेल, तर विश्वस्त संस्थेला किंवा कंपनीला हप्ता कुठे भरायचा ते लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत हप्त्याची रक्कम खात्यात वेगळी ठेवावी. अशा गोंधळात कुणी ‘आता हप्ते या नव्या खात्यावर भरा’ असा संदेश पाठवला, तर तो एस्क्रो खात्याच्या मूळ तपशिलाशी जुळतो का, हे कराराची प्रत समोर ठेवून तपासूनच पैसे पाठवावेत.